सगळ्यांवर एकच ऊन

मे महिन्यातलं लग्न, साताऱ्याकडच्या एका गावातलं. घरासमोरच्या अंगणात मांडव, दुपारी साडेतीनची वेळ, आणि जेवणं आटोपल्यावर घरच्यांचा एकत्र फोटो. आजी मधोमध खुर्चीवर, तिच्या मागे नवरा-नवरी, दोन्ही बाजूंना आई-बाबा, काका-काकू, मामा-मामी, आत्या, आतेभाऊ, करवली आणि पुढे मांडी घालून बसलेला एक लहान पुतण्या. एकूण तेरा माणसं. पुढच्या आठवड्यात नवरीचे बाबा हा फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन माझ्याकडे आले. फोटो दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. ते म्हणाले, "अगं, हे काय झालंय बघ. आत्या निळी दिसतेय, काकू केशरी. तिथे उभे होतो तेव्हा कुणालाच असं दिसलं नव्हतं."

तिथे दिसलं नव्हतं हे अगदी खरं होतं. आपला मेंदू सतत एक काम गुपचूप करत असतो. कुठलाही उजेड असला तरी त्याचा रंग तो हिशेबातून वजा करतो. पिवळ्या बल्बखाली पांढरा सदरा आपल्याला पांढराच दिसतो आणि संध्याकाळच्या निळसर सावलीतही पांढराच. कॅमेऱ्याला ही जाण नसते. तो एका फोटोसाठी उजेडाचा एकच रंग गृहीत धरतो आणि सगळी चौकट त्याच मापाने मोजतो. फोटोत एकाच वेळी तीन प्रकारचा उजेड असेल तर त्यातला एक बरोबर येतो आणि उरलेले दोन चेहऱ्यांवर डागासारखे उमटतात.

या फोटोत नेमके तीन उजेड होते. डावीकडे मांडवाचं कापड संपत होतं आणि घराची सावली सुरू होत होती. तिथे ऊन नव्हतं, होता तो फक्त वरच्या मोकळ्या आकाशाचा उजेड, आणि तो निळा असतो. आत्या, आतेभाऊ आणि करवली त्या भागात उभे होते. मधल्या माणसांवर फोटोग्राफरच्या फ्लॅशचा उजेड समोरून पडला होता. तो दुपारच्या उन्हाच्या रंगाशी बराचसा मिळताजुळता असतो, म्हणून तिथले चेहरे सर्वांत खरे आले होते. उजवीकडे मांडवाच्या केशरी कापडातून ऊन गाळून येत होतं. काका, काकू, मामा आणि मामी त्या केशरी रंगात न्हाऊन निघाले होते. त्यातही काकांच्या एका गालावर कनातीच्या फटीतून थेट उन्हाचा पट्टा पडला होता.

त्वचा जुळवायची नाही

असा फोटो हाती आला की पहिला मोह होतो तो एक छानसा चेहरा निवडून बाकीचे सगळे चेहरे त्याच्या रंगावर आणण्याचा. फोटोशॉपमध्ये एका चित्राचा रंग दुसऱ्यावर चढवणारी सोयही आहे. पण या वाटेने गेलं की फोटो बिघडतो, कारण या तेरा माणसांची त्वचा मुळात एका रंगाची नाहीच. काकू गोऱ्या आहेत, नवरीची आई गव्हाळ आहे, आतेभाऊ सावळा आहे. तिघांना एका रंगात आणलं तर तीन माणसांच्या जागी एकाच मातीच्या तीन मूर्ती दिसतील.

या कामात सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे. त्वचा ज्याची त्याची ठेवायची असते, जुळवायचा असतो तो तिच्यावर पडलेला उजेड. आपल्याला विचारायचं असतं ते इतकंच की हीच माणसं, याच रंगांची, एकाच उजेडात उभी असती तर कशी दिसली असती.

हे शक्य होतं ते त्वचेच्या एका गुणामुळे. माणसाच्या त्वचेला रंग येतो तो मुख्यतः दोन द्रव्यांनी. एक मेलॅनिन, म्हणजे तपकिरी रंगद्रव्य, आणि दुसरं रक्तातलं हिमोग्लोबिन. दोन्ही द्रव्यं निळा उजेड जास्त शोषतात आणि लाल कमी. त्यामुळे माणूस गोरा असो की काळा, साध्या उजेडात त्याच्या त्वचेवरून लाल उजेड सर्वांत जास्त परत येतो, हिरवा त्याहून कमी आणि निळा सर्वांत कमी. माणसामाणसांत मोठा फरक पडतो तो त्वचा किती उजळ आणि किती गडद याचा. रंगाची जात, म्हणजे तो लालसरपणा आणि पिवळेपणा यांच्यामध्ये कुठे बसतो ती जागा, फारशी हलत नाही. चित्रपटांचे रंग नीट करणारे लोक एका गोल पडद्यावर रंग मोजतात, आणि त्यावर त्वचेसाठी एकच तिरकी रेघ आखलेली असते. निरनिराळ्या वर्णांच्या लोकांची त्वचा त्या एकाच रेघेच्या आसपास पडते.

म्हणून एखादा चेहरा त्या रेघेपासून बाजूला सरकलेला दिसला, तर संशय उजेडावर घ्यायचा. चेहरा रेघेवर आहे पण गडद आहे, तर तो त्या माणसाचा वर्ण असू शकतो. त्याला हात लावायचा नाही.

आकड्यांनी बघणं

डोळ्यांवर विसंबून हे काम होत नाही, कारण मेंदू इथेही आपली वजाबाकी सुरूच ठेवतो. दहा मिनिटं केशरी चेहऱ्याकडे बघत बसलं की तो ठीक वाटू लागतो. म्हणून आधी आकडे वाचायचे. फोटोशॉपमध्ये ड्रॉपरसारखं एक हत्यार असतं. ते फोटोवर टेकवलं की त्या जागचा लाल, हिरवा आणि निळा रंग शून्य ते 255 या मापात दिसतो. एकाच ठिपक्याचा आकडा घेतला तर एखाद्या तिळाचा किंवा घामाच्या थेंबाचाही येऊ शकतो, म्हणून निदान पाच बाय पाच ठिपक्यांची सरासरी घ्यायची.

कुठे टेकवायचं हेही महत्त्वाचं आहे. कपाळ आणि नाक चमकतात, तिथे त्वचेपेक्षा उजेडाचाच आकडा जास्त मिळतो. हनुवटीखाली साडीचा रंग उमटलेला असतो. लाल पैठणी नेसलेल्या बाईच्या गळ्याला लाल झाक येतेच. डोळ्याखालचा, चमक नसलेला गालाचा भाग सर्वांत भरवशाचा. प्रत्येक चेहऱ्यावर तीच जागा घ्यायची.

नवरीच्या आईचा चेहरा फ्लॅशच्या उजेडात होता आणि तिने मेकअपही फारसा केलेला नव्हता. तिच्या गालाचे आकडे आले लाल 186, हिरवा 138, निळा 108. लाल सर्वांत वर, निळा सर्वांत खाली, आणि हिरवा दोघांच्या मध्यापेक्षा किंचित निळ्याकडे. साध्या उजेडातल्या त्वचेची ही नेहमीची ठेवण. मी तिचाच चेहरा मोजपट्टी म्हणून धरला. नवरीला मुद्दाम टाळलं, कारण तिच्या चेहऱ्यावर मेकअपचा थर होता आणि अंगावर आदल्या दिवशीच्या हळदीची पिवळी झाक होती. ती झाक खरी आहे, लग्नाच्या फोटोत ती राहायलाच हवी. पण इतरांना मोजायला ती कामाची नाही.

आत्याचे आकडे होते 128, 108 आणि 104. इथे लाल आणि निळ्यात जेमतेम 24 चं अंतर उरलं आहे, आईच्या चेहऱ्यावर ते 78 होतं. हिरवा निळ्याला जवळजवळ चिकटला आहे. निळा उजेड त्वचेचा तांबूसपणा खातो तो असा. डोळ्यांना आत्या आजारी वाटत होती, आणि आकड्यांनी त्याचं कारण सांगितलं. उलट काकूंचे आकडे 222, 140 आणि 74. लाल-निळ्यातलं अंतर 148, म्हणजे आईच्या जवळपास दुप्पट. केशरी कापडाने निळा उजेड अडवला होता आणि लाल पुढे सोडला होता.

आतेभावाचे आकडे 102, 79 आणि 72 होते. तो आत्याच्या शेजारी, त्याच निळ्या सावलीत उभा होता.

पायाखालची फरशी

आता एक शंका येणं साहजिक आहे. आत्याची त्वचा खरोखर कशी आहे हे मला ठाऊक नाही. तिचा चेहरा निळा पडला आहे इतकं कळलं, पण नेमका किती? माझ्या मनातल्या रंगावर तिला आणलं तर तो माझा रंग होईल.

म्हणून फोटोत अशी वस्तू शोधायची, जी मुळात एकाच रंगाची आहे आणि सगळ्या उजेडांमधून जाते. या अंगणात शहाबादी फरशी होती. तेरा जणांच्या पायाखालून, डावीकडून उजवीकडे, एकच राखाडी दगड. डावीकडे तो निळा दिसत होता, मध्यभागी राखाडी, उजवीकडे तांबूस. दगड बदललेला नव्हता, बदललेला होता फक्त उजेड. म्हणजे प्रत्येक ठिकाणच्या फरशीचे आकडे मधल्या फरशीशी ताडले की त्या त्या उजेडाची झाक किती आहे ते मोजता येतं, आणि हे मोजमाप कुणाच्याही त्वचेवर अवलंबून नाही.

अशा वेळी बहुतेक लोक पांढरे कपडे धरतात. मामांची टोपी, बाबांची टोपी, आतेभावाचा सदरा हे सगळं पांढरं होतं. पण पांढऱ्या कपड्याची साक्ष जपून घ्यावी. आपण कपड्यांना नीळ देतो आणि आजकालच्या धुण्याच्या पावडरीत उजळवणारी द्रव्यं असतात. ती उजेडातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण घेऊन निळसर उजेड परत टाकतात. मोकळ्या सावलीत असा सदरा उजेडापेक्षाही जास्त निळा दिसतो. तो पूर्ण पांढरा होईपर्यंत रंग ओढला तर शेजारचा चेहरा कावीळ झाल्यासारखा पिवळा पडतो. जुनी टोपी धुण्यांनी आणि घामाने पिवळी पडलेली असेल तर उलटी चूक होते. फरशी, सिमेंटचा कट्टा, राखाडी शर्ट, डोळ्यांच्या बुबुळांभोवतीचा पांढरा भाग, जो मिळेल तो घ्यावा. पण दोन-तीन साक्षी जुळल्याशिवाय एकट्यावर विश्वास ठेवू नये.

उजेडाला मास्क, माणसाला नाही

आता प्रत्यक्ष काम. फोटोग्राफरने फोटो रॉ फाईलमध्ये काढला होता, हे आमचं नशीब. जेपेग फाईलमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात आणि कॅमेऱ्याने उजेडाचा हिशेब आधीच करून टाकलेला असतो. रॉ फाईलमध्ये निदान 4,096 पायऱ्या असतात आणि हिशेब अजून व्हायचा असतो. रंग इतका लांब ओढायचा असेल तर जेपेगमध्ये गालांवर पट्टे उमटतात.

सुरुवातीला संपूर्ण फोटोचा उजेड आईच्या चेहऱ्यावर आणि मधल्या फरशीवर बेतून घेतला. मग डाव्या भागासाठी एक मास्क केला. मास्क म्हणजे फोटोवर ठेवलेला अदृश्य कागद. त्याला जिथे भोक पाडाल तिथेच बदल उमटतो. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मास्क फक्त चेहऱ्यापुरता कापला तर चेहरा निरोगी होतो, पण मान, हात, सदरा आणि मागची भिंत निळीच राहते, आणि माणसाने मुखवटा घातल्यासारखं दिसतं. उजेड माणूस निवडून पडत नाही. तो केसांवर पडतो, बांगड्यांवर पडतो, फरशीवर पडतो. म्हणून मास्कही उजेडाच्या आकाराचा हवा. डावीकडची सावली जिथून सुरू होते तिथून सगळंच त्यात घेतलं, माणसं, कपडे, भिंत आणि जमीन. सावलीची कड आत्याच्या उजव्या खांद्यावरून तिरकी जात होती आणि हातभर रुंदीत हळूहळू विरत होती. मास्कची कडही तितक्याच रुंदीत विरवली.

त्या भागात तीन रंगांचे कर्व्ह वेगवेगळे हलवले. आधी उजेड थोडा वाढवला, मग निळा उतरवला, मग हिरवा जरासा सांभाळला. क्रम महत्त्वाचा आहे, कारण अंधाऱ्या चेहऱ्याचा रंग नीट वाचता येत नाही आणि उजेड वाढवला की रंगही थोडा गडद होतो. शेवटी हिशेब असा झाला की लाल सव्वापट झाला, हिरवा आठ टक्क्यांनी चढला आणि निळा साधारण एक सप्तमांशाने उतरला. इतकं करताच डावीकडची फरशी मधल्या फरशीशी मिळाली.

मग चेहऱ्यांचे आकडे पुन्हा वाचले. आत्या 128, 108, 104 वरून 160, 117, 90 वर आली होती. लाल-निळ्यातलं अंतर 70, आणि हिरवा मध्यापेक्षा किंचित निळ्याकडे. आईच्या चेहऱ्यासारखीच ठेवण, फक्त वर्ण थोडा गडद. आतेभाऊ 102, 79, 72 वरून 128, 86, 62 वर आला होता. त्याच्याही आकड्यांची ठेवण तीच, आणि तो आत्यापेक्षा बराच गडद.

हे दोन चेहरे एकाच दुरुस्तीतून निघाले आहेत. दोघांसाठी वेगळं काहीच केलेलं नाही. एकाच उजेडात उभ्या असलेल्या दोघांवरचा उजेड बदलला, आणि दोघंही आपापल्या रंगावर आली. आतेभावाला आत्याच्या आकड्यांवर नेलं असतं तर तो दुरुस्त न होता बदलला असता.

केशरी बाजू

उजवी बाजू जास्त अवघड निघाली. निळ्या सावलीत सगळे रंग हजर असतात, फक्त त्यांचं प्रमाण बिघडलेलं असतं. केशरी कापड मात्र निळा उजेड अडवतं, म्हणजे तो फोटोत फार थोडा पोहोचलेला असतो. काकूंचा निळ्याचा आकडा 74 होता, त्यांच्या मागच्या सावलीत तो वीसच्याही खाली होता. निळा वर ओढला की त्याच्याबरोबर कॅमेऱ्याचा रवाळपणाही वर येतो आणि त्वचेवर बारीक रंगीत वाळू पसरल्यासारखी दिसते. तिथे निळ्या रंगातला रवाळपणा वेगळा काढून मऊ करावा लागला.

काकू शेवटी 196, 150 आणि 119 वर आल्या. आईपेक्षा उजळ, आणि त्या आहेतही तशाच. पण उजवी बाजू मी पूर्णपणे मधल्या उजेडावर आणली नाही. थोडा केशरी ऊबदारपणा ठेवला, आणि उजेडातला लहानसा फरकही ठेवला. डोक्यावर केशरी मांडव दिसत असताना त्याखालच्या माणसांवर त्याचा मागमूसही नसेल तर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता आलं नाही तरी. फोटोतून उजेडाची दिशा पुसून टाकली की तेरा चेहरे कापून चिकटवल्यासारखे दिसतात. झाक इतकी उतरवायची की माणूस ओळखीचा दिसेल, आणि इतकी ठेवायची की जागा ओळखीची दिसेल.

काकांच्या गालावरच्या उन्हाच्या पट्ट्याशी मात्र तडजोडच करावी लागली. त्वचेत लाल सर्वांत जास्त, म्हणून जास्त उजेडात पहिल्यांदा लालच 255 ला जाऊन टेकतो. त्यापुढे ऊन कितीही वाढलं तरी तो वाढत नाही. हिरवा आणि निळा मात्र वाढत राहतात. असा डाग काळोखा करायला गेलं की तिथे मेणचट, पिवळट राखाडी ठिगळ दिसतं, कारण जो लाल नोंदलाच गेला नाही तो परत आणता येत नाही. रॉ फाईलमधून थोडासा तपशील परत मिळाला. उरलेला पट्टा मी निम्म्याने मंद केला आणि तसाच ठेवला. गालावर ऊन पडलं होतं, फोटोतही ते ऊनच दिसतं.

याहून कठीण एकच उजेड असतो, रिसेप्शनच्या स्टेजवरचे जांभळे आणि निळे एलईडी. त्यांत रंगांचा पट्टा इतका अरुंद असतो की त्वचेचा तांबूसपणा दाखवणारा उजेड जवळपास नसतोच. तिथे आकडे ओढून हाती येतो तो राखाडी चेहरा. अशा फोटोंसाठी कृष्णधवल हाच प्रामाणिक मार्ग आहे.

गोऱ्या चेहऱ्याचं माप

फोटो बघताना नवरीचे बाबा खूश झाले. मग जरा थांबून म्हणाले, "एवढं केलंसच, तर आमच्या भाच्याला जरा उजळ कर ना. तो एकटाच काळा दिसतोय."

त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. हे वाक्य मी प्रत्येक लग्नसराईत ऐकते, आणि फोटोच्या तंत्राचा इतिहासही त्याच बाजूला झुकलेला आहे. 1950 च्या दशकापासून अमेरिकेत कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना एक नमुना कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा. तिची त्वचा नीट छापली गेली की यंत्र नीट लागलं असं समजायचं. त्या कार्डाला शर्ली कार्ड म्हणत. या मापावर बेतलेल्या फिल्मची उणीव सर्वांत उघडी पडायची ती एकत्र फोटोत. शाळेच्या वर्गाच्या फोटोत गोऱ्या मुलांचे चेहरे नीट यायचे आणि त्यांच्या शेजारच्या काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात उठून दिसायचे. फिल्म सुधारण्यासाठी कंपनीवर दबाव आला त्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांचाही वाटा होता, कारण त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा जाहिरातींत वेगवेगळ्या दिसत नव्हत्या. निरनिराळ्या वर्णांच्या बायकांची नमुना कार्डं आली ती 1990 च्या दशकात.

म्हणजे सावळा माणूस एकत्र फोटोत काळवंडतो यात त्याच्या रंगाचा दोष नसतो. बहुतेक वेळा फोटोचा उजेड त्याच्या शेजारच्या गोऱ्या माणसासाठी ठरवलेला असतो. यावर खरा उपाय आहे, आणि तो त्वचा उजळ करण्याहून वेगळा आहे. गडद त्वचेचं रूप दिसतं ते तिच्यावरच्या चमकेतून, गालाच्या आणि कपाळाच्या उंचवट्यांवरून सरकणाऱ्या उजेडातून. ती चमक सावलीत विझली होती. मी आतेभावाच्या चेहऱ्यावरचे फक्त उजळ ठिपके, कपाळाचा कड, नाकाचा दांडा, गालाचा वरचा भाग, किंचित वर आणले आणि मूळ त्वचा 128 वरच राहू दिली. तो तितकाच सावळा राहिला, पण चेहरा उठून आला आणि त्याचं हसू दिसू लागलं.

मग मी बाबांना त्याच सकाळचा, सीमांतपूजनाचा एक फोटो दाखवला. त्यात आतेभाऊ मोकळ्या, एकसारख्या उजेडात एकटा उभा होता. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. रंग तोच होता. बाबा म्हणाले, "हो, हा असाच आहे." पुढे उजळ करण्याचा विषय निघाला नाही.

जुळलं हे कसं ओळखायचं

शेवटची तपासणी मी नेहमी चार प्रकारे करते. फोटो इतका लहान करते की तेरा चेहरे शेंगदाण्याएवढे दिसतात. एखादा चेहरा वेगळा पडला असेल तर तो त्यात लगेच टोचतो. मग थोड्या वेळासाठी सगळे रंग मुद्दाम भडक करते. नेहमीच्या रंगात न दिसलेली निळी किंवा हिरवी ठिगळं त्यात उघडी पडतात, आणि ती पाहून झाली की भडकपणा काढून टाकते. प्रत्येकाचा चेहरा त्याच्याच हाताशी आणि मानेशी ताडते. मेकअपमुळे चेहरा थोडा उजळ असणं ठीक, पण रंगाची जात वेगळी असेल तर मास्क चुकला आहे. आणि शेवटी उठून पंधरा मिनिटं बाहेर जाऊन येते. डोळ्यांनी स्क्रीनच्या उजेडाची सवय केलेली असते, ती मोडल्याशिवाय आपली चूक आपल्याला दिसत नाही. मोठी छपाई करण्याआधी चार बाय सहाची एक प्रत काढून ती खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बघते, कारण स्क्रीन आणि कागद एकच रंग सांगतीलच असं नाही.

हा सगळा खटाटोप टाळता येतो का? बराचसा येतो. फोटोग्राफरने सगळ्यांना दहा पावलं डावीकडे, पूर्ण सावलीत नेलं असतं तर तेराही जणांवर एकच निळा उजेड पडला असता, आणि एकच निळा उजेड एका फटक्यात दुरुस्त होतो. मिसळलेला उजेडच त्रास देतो. फ्लॅशचंही तसंच आहे. तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावतो. फ्लॅश पहिल्या रांगेपासून दोन मीटरवर आणि मागच्या रांगेपासून तीन मीटरवर असेल तर मागच्यांना पुढच्यांच्या निम्म्याहूनही कमी उजेड मिळतो. तोच फ्लॅश आणखी दोन मीटर मागे नेला की मागच्यांना जवळजवळ दोन तृतीयांश मिळतो. आणि फोटो काढताना एक राखाडी कार्ड रांगेच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये धरून तीन जादा फोटो घेतले, तर माझ्यासारखीला फरशी शोधावी लागत नाही.

हा फोटो त्यांनी मोठा करून ओटीवर लावला. गेल्या महिन्यात तिकडे जाण्याचा योग आला. आजी फोटोखालीच बसल्या होत्या. मी काही विचारण्याआधी त्यांनीच बोट दाखवून एकेकाची ओळख सांगायला सुरुवात केली. ही माझी लेक, हा तिचा मुलगा, गोरी आहे ती धाकटी सून. रंगाचा उल्लेख त्यांनी केला तो माणूस ओळखण्यापुरता. मग थोडं निरखून म्हणाल्या, "ऊन कलतं होतं तेव्हा काढलाय, साडेतीनच्या सुमाराला." फोटो काढून कित्येक महिने झाले होते, आणि त्यातली वेळ त्यांनी बरोबर वाचली होती.